खरे कामगार, खरी साइट

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला चार मजली घरांची एक वसाहत उभी राहत होती. तिथे सळया बांधणाऱ्या टोळीचा मिस्त्री होता गेंदलाल निषाद. वय अठ्ठेचाळीस, अंगानं काटक, बोलायला कमी. शिवनाथ नदीकाठच्या गावातून तो तिसाव्या वर्षी शहरात आला, तेव्हा जाळं फेकायचं सोडून त्यानं हातात तार बांधायची आकडी घेतली, ती पुन्हा खाली ठेवली नाही. टोळीतली सगळी माणसं त्याच्याच गावची किंवा आसपासची. ती त्याला कका म्हणत.

गेंदलालचा एक हट्ट होता. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा वाकवताना तो दोन्ही टोकं आत, पार गाभ्याकडे वळवायचा, म्हणजे इमारतीला धक्का बसला तरी रिंग उलगडू नये. दुसऱ्या टोळ्या टोकं काटकोनात मोडून मोकळ्या व्हायच्या, काम झपाट्यानं व्हायचं. ठेकेदार घनाराम त्याला टोमणे मारायचा, "मिस्त्री, दागिने घडवतोयस का? हे सगळं काँक्रीटमध्ये गाडलं जाणार आहे." गेंदलाल म्हणायचा, "गाडलं जाणार म्हणूनच. नंतर कोण बघणार?" आणि पुढची रिंग वाकवायला घ्यायचा.

याच हट्टापायी त्याच्या आयुष्यात ती जाहिरात आली.

सिलतऱ्याच्या एका सळईच्या कारखान्याला जाहिरात करायची होती. कोलकात्याहून दिग्दर्शिका आली होती, पारोमिता नावाची, पस्तिशीची, केस बारीक कापलेली. कारखान्याच्या लोकांनी आधी जी कल्पना तिच्यापुढे ठेवली होती त्यात एका सळईला मालमोटार टांगायची होती. तिनं साफ नकार दिला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत जे सिद्ध होतं तेवढंच दाखवीन, आणि खऱ्या साइटवर, खऱ्या माणसांकडून करून घेईन, असं तिनं सांगितलं. मग ती आठ दिवस साइटी बघत फिरली. गेंदलालच्या साइटवर आली तेव्हा एका उभ्या कॉलमच्या पिंजऱ्याशी थबकली. तिच्याबरोबर चित्रीकरणात सुरक्षा बघायला भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले अप्पाराव म्हणून गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी कामगारांच्या सुरक्षेचंच काम केलं होतं. त्यांनी रिंगेच्या वळवलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलंय?"

गेंदलालला वाटलं, काही चुकलं. तो पुढे झाला. अप्पारावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दिग्दर्शिकेला म्हणाले, "हा माणूस घ्या. याला शिकवावं लागणार नाही."

चित्रीकरण तीन दिवस चालायचं होतं. पण त्याच्या आधी दोन दिवस अप्पारावांनी साइटचा ताबा घेतला. भिलाईच्या एका दुकानातून भाड्यानं पेट्याच्या पेट्या आल्या. हनुवटीखाली पट्टा असलेली हेल्मेटं, पोलादी टोपीचे बूट, हातमोजे, सळई कापणाऱ्यासाठी चष्मे. बांबूच्या परांच्या काढून लोखंडी नळ्यांच्या आल्या, त्यांना पायाशी फळ्या आणि कमरेशी कठडे लागले. वर तोंड करून उभ्या असलेल्या प्रत्येक सळईच्या टोकावर नारिंगी टोपी बसली, म्हणजे कुणी पडलाच तर सळई पोटात घुसू नये. आणि पट्टे. खांदे, छाती आणि मांड्या अशा सगळीकडून अंगाला धरणारे, पाठीवर कडी, कडीला दोन दोर, दोरांच्या टोकाला हूक.

सगळ्या टोळीला खाली बसवून अप्पारावांनी पट्टा कसा घालायचा ते दाखवलं. कमरेला नुसता दोर बांधून वर चढायची सवय सगळ्यांना होती, तीही कधीमधी. अप्पाराव म्हणाले, "कमरेचा दोर जीव वाचवत नाही, बाबांनो. पडलात की मणका मोडतो. आणि हूक कधी पायाशी लावायचा नाही, डोक्याच्या वर लावायचा. दोन हूक कशाला दिलेत? पुढे सरकताना एक सुटला तरी दुसरा लागलेला हवा." लिफ्टची भिंत पुढच्या मजल्यापर्यंत आधीच ओतून झाली होती. तिच्यापासून जिन्याच्या कॉलमपर्यंत त्यांनी डोक्यावरून पोलादी दोर ताणून घेतला आणि स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं.

टोळीतली माणसं आधी हसली. सोनसाय नावाचा गडी पट्टा घालून नाचून दाखवायला लागला, रेजा, म्हणजे माल वाहणाऱ्या मजूर बायका, पदराआड हसल्या. मग त्यांनाही हेल्मेटं आणि बूट मिळाले, तेव्हा कुणी हसेना. फुलेश्वरी, म्हणजे गेंदलालची बायको, तीही तिथेच रेजा होती. बूट घालून चार पावलं चालली आणि म्हणाली, "पाय दुसऱ्याचेच वाटतात. पण खिळा टोचणार नाही, हे खरं."

पहिल्या दिवशी सळई वाकवायची होती. कारखान्याच्या माणसानं खास घासूनपुसून आणलेल्या सळया दिग्दर्शिकेनं परत पाठवल्या. साइटवरच्या ढिगातून, गंजाची हलकी तांबूस झाक आलेली, बारा मिलिमीटरची एक सळई गेंदलालनंच उपसली. वाकवायच्या पाट्यावरच्या जाड खुंटीला ती लावली, वाकवायची लांब चावी घातली, आणि एका दमात, झटका न देता, पार उलटी वळवली, दोन्ही पाय समांतर होईपर्यंत. मग वळणाची बाहेरची बाजू फडक्यानं पुसून कॅमेऱ्यापुढे धरली. तिथेच चीर पडायची असते. चीर नव्हती. दिग्दर्शिकेनं त्याला विचारलं, तुम्ही स्वतः कसं बघता? तो म्हणाला, "नखानं." आणि वळणावरून नख फिरवून दाखवलं. तेच नख पुढे जाहिरातीत आलं.

दुसऱ्या दिवशी सोनसाय पडला.

चौथ्या स्लॅबच्या कडेच्या कॉलमचं काम चाललं होतं. कॅमेऱ्याला दिसावं म्हणून त्या कोपऱ्याचा कठडा तेवढ्यापुरता काढला होता, आणि म्हणूनच अप्पाराव प्रत्येकाचे दोन्ही हूक स्वतः ओढून बघत होते. सोनसाय पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगाला परांचीवर उभा राहून तार पिळत होता. आकडी तारेवरून निसटली, सगळा जोर मागे गेला आणि पाय फळीवरून सुटला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. गेंदलाल दोन हातांवर होता. त्याला फक्त फाटल्याचा आवाज आला, जाड कापड चरचर उसवावं तसा. हूक आणि पाठीमधली जी घडी धक्का झेलायला शिवलेली असते ती उसवत गेली होती. त्यानं वाकून पाहिलं तर सोनसाय तिसऱ्या मजल्याच्या समोर लोंबकळत, हळूहळू गोल फिरत होता. हेल्मेट डोक्यावर होतं. डोळे उघडे होते.

अप्पाराव वयाला न शोभेल अशा वेगानं जिन्यावरून धावले. जास्त वेळ लोंबकळत राहिला तर मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून चौघांनी त्याला आत ओढला. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील. सोनसायला खरचटलंसुद्धा नव्हतं. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "कका, माझी आकडी खाली पडली." मग थरथरायला लागला, तो दुपारपर्यंत थांबला नाही. अप्पारावांनी त्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं.

कॅमेरा चालू राहिला होता. कारखान्याच्या माणसानं ते चित्र पाहिलं आणि हात जोडले, आमच्या जाहिरातीत माणूस पडताना नको. दिग्दर्शिका म्हणाली, मीही ते कुणाला दाखवणार नाही. त्या दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

संध्याकाळी गेंदलालनं पाहिलं, अप्पाराव मोठ्या कात्रीनं सोनसायचा पट्टा कापत बसले होते. चांगला नवा पट्टा. तो म्हणाला, "साहेब, त्यानं तर जीव वाचवला. का कापता?"

"एकदा झेललं की त्याचं काम संपलं," अप्पाराव म्हणाले. "आतून तुटलेला असतो, बाहेरून दिसत नाही. असाच ठेवला तर उद्या कुणीतरी विश्वासानं घालील."

तिसऱ्या दिवशी उरलेलं चित्रण झालं. चौथ्या दिवशी पेट्या भरायला लागल्या.

गेंदलालला हे ठाऊक नव्हतं असं नाही. भाड्यानं आलेलं परत जाणार, हे लेकरालाही कळतं. पण दोन दिवसांपूर्वी एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाचला होता, त्यामुळे काहीतरी बदलेल असं त्यानं मनात धरलं होतं. नळ्यांच्या परांच्या उतरू लागल्या, बांबू पुन्हा चढू लागले. सळयांच्या टोकांवरच्या टोप्या एक माणूस बोरं वेचावीत तशा वेचून पोत्यात भरत होता. गेंदलाल अप्पारावांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, बाकी सगळं न्या. पट्टे तेवढे राहू द्या."

अप्पारावांच्या हातात काही नव्हतं. तरी ते त्याला घेऊन साइटच्या इंजिनिअरकडे गेले. इंजिनिअर भला माणूस होता, म्हणाला, मी वर लिहितो. वरून उत्तर आलं की सुरक्षेची जबाबदारी ठेक्यात ठेकेदाराची आहे. घनारामनं अप्पारावांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं शंभर टक्के खरं. पण पट्टा घालून माणूस निम्मंच काम करतो. स्लॅबची तारीख मी ठरवत नाही." अप्पारावांनी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहून सगळ्यांना एकेक प्रत दिली, एक कामगार खात्यातही दिली. तिथल्या बाईंनी शिक्का मारून पोच दिली आणि तपासणीला माणूस पाठवू म्हणाल्या. त्या कार्यालयात तपासणीला दोन माणसं होती आणि तीन जिल्हे होते. कारखान्यानं मात्र आठवण म्हणून बारा हेल्मेटं भेट दिली, कारखान्याचं नाव छापलेली. ती साइटवर राहिली.

निघताना अप्पारावांनी गेंदलालला आपला नंबर दिला. जाताना गेंदलालकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

गेंदलालनं टोळीला गोळा केलं. पट्टे मिळेपर्यंत स्लॅबच्या कडेला जायचं नाही, असं ठरलं. एक दिवस सगळे खालीच रिंगा वाकवत बसले. घनाराम भांडला नाही, ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओडिशाकडच्या एका टोळीची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. ती माणसं उतरून विडी ओढत वर बघत होती. टोळीतलाच एकजण गेंदलालला म्हणाला, "कका, ते चढणारच आहेत. मग आपण का नाही?" बासीचा, म्हणजे रात्री पाण्यात घातलेल्या भाताचा, डबा झाकून गेंदलालनं बाजूला ठेवला आणि आधी स्वतः चढला.

चढताना त्याला कळलं की काहीतरी बिघडलं आहे. अठरा वर्षं तो कडेवर उभा राहिला होता, खाली न बघता, विडी ओठात धरून. आता हात आपोआप डोक्याच्या वर, जिथे तो पोलादी दोर होता तिथे जायचा. तिथे आभाळ असायचं.

सोनसाय गावी गेला तो परत आला नाही. नदीवर जाळं टाकतो, असं कळलं.

फाल्गुनात जाहिरात आली. बिलासपूरच्या रस्त्यावर मोठा फलक लागला. गेंदलालचा चेहरा दारापेक्षा मोठा, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हनुवटीला पट्टा, छातीवर आडवेउभे पट्टे, हातात उलटी वळवलेली सळई. वर लिहिलं होतं, ‘वाकते, तडकत नाही.’ आणि खाली जरा लहान अक्षरात, ‘खरे कामगार, खरी साइट.’ फुलेश्वरी फलकाखाली उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुमचं नाक बरोबर आलंय." गेंदलालला हसू आलं नाही. सगळ्या फलकात एकही खोटी गोष्ट नव्हती. सळई खरी होती, वळण खरं होतं, पट्टा खरा होता, तोही खरा होता. मग यात चुकतंय काय, हे त्याला सांगता येईना.

गावात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो दिसू लागला. जे कधी फोन करत नसत ते करू लागले. आठवड्याभरात गावाकडून चौघेजण पिशव्या घेऊन साइटवर हजर झाले. त्यात त्याचा जावई होता, परमेश्वर.

परमेश्वर वीटभट्टीवर काम करायचा. उंचावर जायचं नाही, ही मोंगराची, म्हणजे गेंदलालच्या मुलीची, लग्नापासूनची अट होती. बापाला स्लॅबच्या कडेवरून चालताना तिनं लहानपणी पाहिलं होतं. आता तिनंच नवऱ्याला पाठवला होता. गेंदलालनं बाजूला जाऊन तिला फोन लावला.

"मोंगरा, दमादजींना का पाठवलंस?"

"ददा, मी पाहिलं ना सगळं. पट्टा, हेल्मेट, बूट. भट्टीवर धुरानं खोकतात रात्रंदिवस. त्यापेक्षा तुमच्याकडे बरं. आता मला भीती नाही."

"ती जाहिरात होती, बेटी. ते सामान परत गेलं."

ती म्हणाली, "खाली लिहिलंय की खरे कामगार म्हणून. तुम्ही खोटं बोललात का मग?"

"नाही. तेव्हा होतं."

"मग आता का नाही?"

गेंदलालनं फोन या कानाचा त्या कानाला नेला. ठेकेदार, इंजिनिअर, पत्र, शिक्का, ओडिशाची टोळी, हे सगळं त्यानं सांगून पाहिलं. सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं की यात कुणीच वाईट वागलेलं नाही. मोंगरा ऐकून घेऊन म्हणाली, "भट्टीचं काम त्यांनी सोडलंय, ददा. तिथे दुसरा माणूस लागलासुद्धा. तुम्ही आहात ना तिथे? तुम्ही बघाल त्यांच्याकडे."

जावयाला हुकूम सोडायची रीत त्यांच्यात नव्हती. गेंदलालनं आडून आडून सुचवलं, पाट्यावर, खाली, माझ्याशेजारी रिंगा वाकवायला बसा. परमेश्वर पंधरा दिवस बसला. हाताचा चांगला होता, टोकं आत वळवायला लगेच शिकला. मग एका सकाळी घनारामला वर दोन माणसं कमी पडली आणि परमेश्वर न विचारताच उठला. गेंदलाल म्हणाला, "दमादजी, तुम्ही राहा. मी जातो."

"बाबूजी, या वयात तुम्ही वर चढाल आणि मी खाली बसून बघू का? लोक काय म्हणतील?" आणि तो चढला. डोक्यावर कारखान्याचं नाव छापलेलं हेल्मेट होतं, पायात रबरी चपला.

गेंदलालनं एक जाड दोर उचलला होता, त्याच्या कमरेला बांधावा म्हणून. पण अप्पारावांचं मणक्याचं बोलणं आठवलं आणि दोर हातातच राहिला. पूर्वी हे ठाऊक नव्हतं तेव्हा निदान दोर बांधून तरी बरं वाटलं असतं.

त्या दुपारी त्यानं अप्पारावांना फोन केला. अप्पारावांनी दिग्दर्शिकेचा नंबर दिला. तिनं फोन उचलला, त्याला लगेच ओळखलं, आवाजात आनंद होता. त्यानं सांगितलं की तुमचा फलक बघून माणसं येतायत. तिनं विचारलं, "गेंदलालजी, मी काय करू?"

तोच प्रश्न तो तिला विचारायला बसला होता.

तिनं आपल्यापरीनं केलं. कारखान्याशी भांडली. साइट आमची नाही, आम्ही फक्त सळई विकतो, असं तिला उत्तर मिळालं, आणि तेही खरं होतं. महिन्याभरानं तिनं कळवलं की टीव्हीवरच्या जाहिरातीतून खालची ओळ काढून टाकली आहे. फलक छापून झाले होते, ते तसेच राहतील, जुने झाले की उतरतील. स्वतःच्या पैशानं तिनं चार पट्टे विकत घेऊन पाठवले. ते आले, खरोखर आले. टोळीत चौदा माणसं होती. गेंदलालनं पहिला पट्टा जावयाला दिला नाही, त्याला ते जमेना. जे सगळ्यात कडेला काम करतील त्यांनी पाळीपाळीनं घालायचे, असं ठरवलं. पण हूक लावायला डोक्याच्या वर दोर हवा, आणि तो ताणायला ओतलेली भिंत हवी. वरच्या स्लॅबवर ती नव्हती. माणसं हूक पायाशी, परांचीच्या बांबूलाच लावू लागली. गेंदलाल ओरडायचा, ती काढायची, तो वळला की पुन्हा लावायची.

पाच महिने असे गेले. परमेश्वर वर रुळला. उंचीवर त्याचा पाय सफाईनं पडायला लागला, सळई खांद्यावर घेऊन फळीवरून शीळ घालत जायचा. गेंदलाल खाली सळया कापायला बसायचा, यंत्राच्या आवाजात वरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. मग ऐकू येत नाही म्हणून यंत्र बंद करायचा आणि मान वर करून शीळ चालू आहे का ते ऐकायचा. जेवण जाईनासं झालं. फुलेश्वरीनं अंगाकर रोटी केली, चटणी वाटली, तरी अर्धी ताटात राहायची. तीही वरच बघत असायची.

कामगार खात्याचा माणूस एकदा आला. फाटकाशी बारा हेल्मेटं आणि चार पट्टे पाहून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. बाकीच्या साइटींपेक्षा इथे बरं आहे, असं तो इंजिनिअरला म्हणाला.

भाद्रपदात वसाहतीतला शेवटचा स्लॅब ओतून झाला. नारळ फोडला, बुंदी वाटली. कुणी पडलं नव्हतं. चौदाच्या चौदा माणसं आपल्या पायांनी खाली उतरली. घनारामनं गेंदलालच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच खूश होता तो. "बघ मिस्त्री. उगाच जिवाला घोर लावून घेतलास. काही झालं का?"

गेंदलाल म्हणाला, "नाही झालं."

न झालेली गोष्ट दाखवता येत नाही. परमेश्वर बुंदीचा द्रोण घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला की घनाराम ठेकेदारानं नव्या राजधानीकडचं काम घेतलंय, सात मजल्यांचं आहे, सोमवारपासून. मोंगरालाही रेजा म्हणून बोलावून घेतो, म्हणजे सगळे एकत्र राहू.

"तिला सांगितलंत?" गेंदलालनं विचारलं.

"काल सांगितलं. सामान बांधतेय."

गेंदलालनं मान हलवली. सोमवारी सकाळी टोळीबरोबर तो गाडीत चढला आणि आपली चावी, आकडी नि टोळीचे चार पट्टे पोत्यात घालून मांडीवर घेऊन बसला.